कोपरे खरे आणि खोटे

बारावीच्या गणितात मुलांना भीती न वाटणारा एक धडा असतो, तो लिनियर प्रोग्रॅमिंगचा. मुलं त्याला नुसतं एलपीपी म्हणतात. रेषा काढायच्या, शेडिंग करायचं, कोपऱ्यांचे बिंदू घ्यायचे, प्रत्येकावर z काढायचा. सर्वांत मोठा आला तो मॅक्सिमम, सर्वांत लहान तो मिनिमम. इंटिग्रेशनने दमलेल्या मुलाला हे सोपं वाटतं, आणि पायऱ्या खरोखरच सोप्या आहेत. सोनईत विज्ञान शाखेला गणित शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घोडेगाव, शिंगणापूर, चांदा, पानेगाव अशा आसपासच्या गावांतून मुलं यायची. त्यांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. या धड्यात चुकणारं मूल आकडेमोडीत सहसा चुकत नाही. तक्ता नेटका असतो, गुणाकार बरोबर असतात, तरी उत्तर चुकतं, कारण त्याने तपासलेला एखादा बिंदू मुळात कोपराच नसतो.

पाठ्यपुस्तकातल्या खुर्च्या-टेबलांचा या मुलांशी फारसा संबंध नव्हता, म्हणून मी शेतीचं एक उदाहरण तयार केलं आणि पुढे दरवर्षी तेच वापरलं. आकडे गणित सुटसुटीत व्हावं म्हणून धरलेले आहेत, पण अडचण सोनईचीच आहे. दहा एकर रान आहे. त्यात x एकर ऊस आणि y एकर कांदा करायचा. पहिली अट जमिनीची: x + y ≤ १०. दुसरी पाण्याची. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं आवर्तन आणि विहीर मिळून पाणी एवढंच आहे, की नुसता कांदा केला तर ते १८ एकरांना पुरेल. उसाच्या एकराला मात्र कांद्याच्या तिप्पट पाणी लागतं. म्हणून ३x + y ≤ १८. तिसरी अट मजुरीसाठी हाताशी असलेल्या रोख पैशाची. उसाला एकरी १०,००० रुपये, कांद्याला लागवड आणि काढणी धरून एकरी २०,०००, आणि जवळ आहेत १,८०,०००. दहा हजारांनी भागलं की x + २y ≤ १८. शिवाय x आणि y ऋण असू शकत नाहीत. एकरी नफा उसाचा ५० हजार, कांद्याचा ४० हजार धरला, तर z = ५०x + ४०y हजार रुपये. हा z जास्तीत जास्त किती होईल?

आलेख कागदावर दोन्ही अक्षांवर १ सेमी = २ एकक प्रमाण घेतलं की तिन्ही रेषा पानात बसतात. पहिली (१०, ०) आणि (०, १०) मधून जाते, दुसरी (६, ०) आणि (०, १८) मधून, तिसरी (१८, ०) आणि (०, ९) मधून. आरंभबिंदू तिन्ही अटींत बसतो, म्हणून प्रत्येक रेषेची आरंभबिंदूकडची बाजू घ्यायची. तिन्ही बाजू आणि पहिलं चरण यांत सामाईक उरतो तो पाच बाजूंचा तुकडा म्हणजे फिजिबल रिजन. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे करता येण्यासारखी एक लागवड.

इथवर वर्गातली बहुतेक मुलं बरोबर येत. पुढे कोपरे वेचताना गोंधळ सुरू होई. दोन अक्ष आणि तीन रेषा मिळून पाच रेषा झाल्या, आणि त्या एकमेकींना दहा ठिकाणी छेदतात. त्यांतले पाचच छेदनबिंदू खरे कोपरे आहेत: (०, ०), (६, ०), (४, ६), (२, ८) आणि (०, ९). उरलेले पाच, म्हणजे (१०, ०), (१८, ०), (०, १०), (०, १८) आणि (३.६, ७.२), कागदावर दिसतात पण रिजनच्या बाहेर आहेत. अक्षांवरचे खोटे बिंदू मुलं सहसा घेत नाहीत, कारण ते लांब पडलेले दिसतात. घात होतो तो शेवटच्या बिंदूवर. पाण्याची आणि मजुरीची रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो (३.६, ७.२) हा बिंदू या प्रमाणात (४, ६) पासून जेमतेम सहा-सात मिलिमीटरवर आणि (२, ८) पासून सेंटिमीटरभराच्या आत येतो. पेन्सिल बोथट असेल आणि जमिनीची रेषा फिकट असेल, तर तो चिमुकला त्रिकोण शेडिंगमध्ये झाकला जातो. मग मूल (४, ६) आणि (२, ८) हे दोन्ही कोपरे सोडून त्यांच्या जागी हा एकच बिंदू घेतं.

आता z पाहा. (६, ०) वर ३००, (४, ६) वर २०० + २४० = ४४०, (२, ८) वर १०० + ३२० = ४२०, (०, ९) वर ३६०. म्हणजे जास्तीत जास्त ४४०, ४ एकर ऊस आणि ६ एकर कांदा. पण (३.६, ७.२) वर z येतो १८० + २८८ = ४६८. खोटा बिंदू खऱ्या उत्तरापेक्षा मोठी किंमत दाखवतो, त्यामुळे तो तक्त्यात शिरला की तोच निवडला जातो. यात योगायोग नाही. त्या बिंदूवर ऊस-कांदा मिळून १०.८ एकर होतात आणि रान दहाच एकर आहे. अट मोडायची मुभा मिळाली की नफा वाढणारच. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ४६८ हा पर्याय हमखास दिलेला असतो.

हे वारंवार दिसल्यावर मी शिकवण्याचा क्रम बदलला. तक्त्यात z च्या रकान्याआधी आणखी एक रकाना घालायला लावला: बिंदू तिन्ही अटींत बसतो का. ज्या दोन रेषांच्या छेदातून बिंदू मिळाला, त्या अटी तो पाळतोच. उरलेल्या अटीत त्याचे आकडे घालून पाहायचे. (४, ६) साठी मजुरीची अट उरते: ४ + १२ = १६, बसतो. (३.६, ७.२) साठी जमिनीची उरते: १०.८, मोडतो. नंतर आलेख थोडा वाकडा निघाला तरी उत्तर चुकायचं थांबलं. कोपऱ्याचे आकडे आलेखावरून वाचायचे नाहीत, दोन समीकरणं सोडवूनच घ्यायचे, असाही नियम केला. कोणत्या दोन रेषा घ्यायच्या हे आलेख सांगतो. आकडे समीकरणंच देतात.

एका वर्षी एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, पण कोपराच का? मधला बिंदू का नाही?" पुस्तकात ते प्रमेय म्हणून एका वाक्यात येतं आणि मुलं ते पाठ करतात. तिला ते पुरेसं वाटलं नाही आणि तिचं बरोबर होतं. मी फळ्यावर आकृतीत लाकडी फूटपट्टी ५०x + ४०y = २०० या रेषेवर ठेवली. या रेषेवरच्या प्रत्येक लागवडीत नफा दोन लाखच. मग पट्टी कल न बदलता हळूहळू वर सरकवली. २०० चे ३०० झाले, ३०० चे ४०० झाले. पट्टी अजून रिजनमधून जात होती, म्हणजे अजून जास्त नफा शक्य होता. रिजनच्या आत असताना पट्टी कायम पुढे ढकलता येते, म्हणून आतला बिंदू कधीच शेवटचा नसतो. शेवटी ती रिजनला फक्त टेकते, आणि टेकते ती कोपऱ्याला किंवा एखाद्या संपूर्ण बाजूला. ती (४, ६) ला टेकली. त्या दिवसापासून मी पट्टीशिवाय हा धडा शिकवला नाही.

पट्टीमुळे आणखी एक गोष्ट वर्गासमोर आली, जी तक्त्यातून कधी आली नसती. कांद्याचा नफा एकरी ४० हजारांऐवजी ४५ हजार केला तर पट्टीचा कल थोडा बदलतो, पण ती टेकते (४, ६) लाच. ४८ केला तरी तिथेच. बरोबर ५० झाला की दोन्ही पिकांचा नफा सारखा होतो आणि पट्टी (४, ६) ते (२, ८) या अख्ख्या बाजूवर बसते. दोन्ही टोकांना z = ५००, आणि मधल्या कुठल्याही बिंदूला ५००च. अशा वेळी कमाल एका बिंदूवर नसते, अनंत बिंदूंवर असते. मुलांनी दोन सारखे आकडे पाहून गोंधळून जायचं नाही, हेच उत्तर आहे. कांदा ५० च्या वर गेला की कमाल एकदम (२, ८) वर जाते आणि १०० पर्यंत तिथेच राहते. खाली पाहिलं तर कांद्याचा नफा साधारण १६.७ हजारांपर्यंत उतरेस्तोवर (४, ६) टिकून राहतो. म्हणजे भावाबरोबर लागवड थोडी थोडी बदलत नाही. बराच काळ काहीच बदलत नाही, आणि एका ठरावीक भावाला उसाचे दोन एकर एकदम कांद्याकडे जातात.

याच कोपऱ्यावर कोणती अट घट्ट आहे आणि कोणती सैल, हेही पाहण्यासारखं आहे. (४, ६) वर जमीन पूर्ण वापरली जाते, पाणी पूर्ण वापरलं जातं, मजुरीचे २०,००० रुपये उरतात. म्हणजे अशा शेतकऱ्याने मजुरीसाठी आणखी उसनवारी केली तर एक रुपयाही नफा वाढणार नाही. पाणी मात्र एका कांदा-एकरापुरतं वाढलं, ३x + y ≤ १९ झालं, तर कोपरा (४.५, ५.५) वर जातो आणि नफा ४४५ होतो. त्या पाण्याची किंमत पाच हजार. विहीर खोल करायची का, शेजाऱ्याकडून पाणी घ्यायचं का, याचं उत्तर त्या एका आकड्यात आहे. शेतकऱ्यांची मुलं इथे पुढे सरकून बसायची.

एक मुलगा हे गणित घरी घेऊन गेला आणि पुढच्या पालकसभेला त्याचे वडील मला मुद्दाम भेटले. म्हणाले, "सर, तुमचा आलेख बरोबर असंल. पण ऊस वर्षभर रान अडवतो आणि कांदा चार महिन्यांत निघतो. अन् कांद्याचा भाव लावतानी कुठं कळतो?" दोन्ही आक्षेप अगदी नेमके होते. पहिल्यावर उपाय आहे: दोन्ही पिकांचा नफा एकाच मुदतीचा धरायचा, कांद्यानंतर त्या रानात जे पीक घेणार त्याचा नफा कांद्याच्या आकड्यात मिळवायचा. दुसऱ्यावर या पद्धतीत उपाय नाही. z मधले ५० आणि ४० हे आधीच ठाऊक आहेत असं ती गृहीत धरते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये खुली झाली. निर्यातबंदीच्या आधी रोपं टाकलेल्या माणसाच्या आलेखात रिजन तेच राहिलं, पट्टीचा कल मात्र हातातून गेला. म्हणून मी त्या गणिताला पुढचा प्रश्न जोडला: कांद्याचा नफा किती ते किती असेपर्यंत तुमची लागवड हीच राहील? एका आकड्यापेक्षा हा पट्टा शेतकऱ्याच्या जास्त उपयोगाचा असतो. पद्धतीची दुसरी मर्यादाही वर्गात सांगायला हवी. सहाव्या एकराला पहिल्या एकराइतकाच नफा मिळेल, असं ती धरते. सगळं सरळ रेषेत चालतं तेवढ्यापुरतीच ती खरी आहे.

सीईटीच्या वर्गात प्रश्न उलटा येतो. समीकरणं दिलेली नसतात, शेड केलेली आकृती असते, आणि अटी ओळखायच्या असतात किंवा थेट मॅक्सिमम विचारलेला असतो. इथे प्रत्येक रेषा तिच्या अक्षांवरच्या छेदांवरून लिहायची. (६, ०) आणि (०, १८) दिसले की x/६ + y/१८ = १, म्हणजे ३x + y = १८. मग चिन्ह ठरवायला शेड केलेल्या भागातलाच एक सोपा बिंदू घ्यायचा. आमच्या आकृतीत (१, १). ३ + १ = ४, हे १८ पेक्षा लहान, म्हणून ≤. आरंभबिंदू घेऊन तपासायची सवय इथे एका जागी अडते. "उसाच्या दुपटीपेक्षा कांदा जास्त नको" अशी अट असेल तर y ≤ २x येतं आणि ती रेषा आरंभबिंदूतूनच जाते. (०, ०) घातलं की ० = ०, काहीच कळत नाही. अशा वेळी (१, ०) घ्यायचा: ० ≤ २, खरं, म्हणून x-अक्षाकडची बाजू. सवयीने वरची बाजू शेड करणारी मुलं दरवर्षी असतात आणि ती एकाच कारणाने चुकतात: त्यांना "≤ म्हणजे आरंभबिंदूकडे" एवढंच पाठ असतं.

मिनिममच्या प्रश्नांना मी गायींच्या खुराकाचं गणित घेत असे. दोन गायींना दिवसाला x किलो सरकी पेंड आणि y किलो मका भरडा. प्रथिनांसाठी २x + y ≥ ८, ऊर्जेसाठी x + २y ≥ १०, आणि खर्च धरला ४०x + ३०y. इथे शेडिंग आरंभबिंदूपासून दूर जातं आणि वर-उजवीकडे मोकळं राहतं. कोपरे तीनच: (०, ८) वर २४०, (२, ४) वर २००, (१०, ०) वर ४००. कमीत कमी २०० रुपये. पण रिजन मोकळं असताना तक्त्यातला लहान आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही. ४०x + ३०y < २०० चा भाग काढून पाहायचा. तो शेड केलेल्या भागाला कुठेही मिळत नाही, म्हणून २०० हाच मिनिमम. आणि मॅक्सिमम विचारला तर ४०० लिहायचं नाही. गायीला कितीही पेंड घाला, दोन्ही अटी पाळल्याच जातात आणि खर्च वाढत जातो. मॅक्सिमम अस्तित्वातच नाही. त्याच आकृतीवर z = २y − x दिला तर (१०, ०) वर −१० येतो आणि तो मिनिमम वाटतो; पण (१२, ०) हा बिंदूही रिजनमध्ये आहे आणि तिथे z = −१२. कोपऱ्यांचा तक्ता इथे सरळसरळ फसवतो. z मध्ये वजाचं चिन्ह आणि रिजन मोकळं, असं दोन्ही एकत्र दिसलं की थांबायचंच.

वर्गातल्या एका मुलाने एकदा विचारलं होतं, "सर, दोनऐवजी पन्नास पिकं असली तर?" मग आलेख काढता येत नाही आणि कोपरे मोजून संपत नाहीत. ५० चलं, ऋण नसण्याच्या ५० अटी आणि वरून आणखी ५० अटी धरल्या, तर तपासायचे छेद साधारण एकावर २९ शून्यं इतके होऊ शकतात. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी दिलेली सिम्प्लेक्स पद्धत सगळे कोपरे तपासत नाही. एका कोपऱ्यावरून शेजारच्या, z सुधारणाऱ्या कोपऱ्यावर जाते, आणि शेजारी सुधारणा दिसेना झाली की थांबते. आमच्या आकृतीत (०, ०) वरून (६, ०) आणि तिथून (४, ६): दोन पावलांत काम होतं. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी अशी उदाहरणं रचून दाखवली, की तिला त्यांतले सगळे कोपरे फिरावे लागतात. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट दिली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या या मराठी माणसाची पद्धत कोपऱ्यांवरून फिरत नाही, रिजनच्या आतून उत्तराकडे जाते, आणि गणित मोठं झालं तरी पावलं आटोक्यात राहतील याची हमी देते. मुलांना मी हे फळ्यावरच्या त्याच पाच कोपऱ्यांच्या आकृतीत दाखवत असे: डँट्झिग कडेकडेने, करमरकर आतून, आणि दोघेही पोचतात (४, ६) लाच.

हा धडा शिकवणाऱ्या मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. तक्त्यात "बसतो की मोडतो" हा रकाना z च्या आधी घाला. एक तरी गणित असं द्या, ज्यात खोट्या बिंदूवर z खऱ्या उत्तरापेक्षा मोठा येतो, आणि एक असं, ज्यात मिनिमम नाहीच. आणि मुलांनी घरून आणलेले आकडे घेऊन एकदा तरी फळ्यावर पट्टी सरकवून दाखवा.